लांबलेली स्क्रिप्ट कशी छाटायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठीत माहितीपर व्हिडिओंच्या स्क्रिप्ट लिहितो आणि इतरांच्या लांबलेल्या स्क्रिप्ट छाटूनही देतो. त्यावर जे प्रश्न सतत येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. बहुतेक उदाहरणं एकाच स्क्रिप्टमधली घेतली आहेत: ‘जमीन घेण्याआधी सातबारा कसा वाचायचा’. पहिला खर्डा 1,240 शब्दांचा होता, रेकॉर्ड झाला 610 शब्दांचा. मधले 630 शब्द कुठे गेले, हीच या पानाची गोष्ट.

प्रेक्षकाला पुढे नेणारी ओळ म्हणजे नेमकी कोणती?

ओळ ऐकल्यावर तीनपैकी एक गोष्ट घडली पाहिजे. प्रेक्षकाला आधी नसलेलं काही कळलं, किंवा आधी जमत नव्हतं ते आता करता येईल, किंवा त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिला आणि उत्तर ऐकायला तो थांबला. तिन्हींपैकी काहीच झालं नसेल तर ओळ जागच्या जागी उभी आहे.

यातली मेख अशी की ओळ खरी असते, व्याकरणशुद्ध असते, कधीकधी सुंदरही असते, पण पुढे नेत नाही. ‘सातबारा हा शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.’ खोटं काय आहे यात? काहीच नाही. पण जो माणूस उद्या विसार द्यायला निघाला आहे, त्याला या ओळीआधी जेवढं ठाऊक होतं तेवढंच नंतरही ठाऊक आहे. म्हणून मी ‘ही ओळ चांगली आहे का?’ असं विचारतच नाही. ओळीवर बोट ठेवतो, तेवढी झाकतो आणि पुढची वाचतो. पुढची तितकीच समजली तर झाकलेली ओळ गेली.

छाटायला सुरुवात कुठून करायची? पहिल्या ओळीपासून?

पहिल्या ओळीपासून सुरुवात केली तर शब्द कमी होतील, पण स्क्रिप्ट सुधारेलच असं नाही. आधी मुक्कामाचं गाव ठरवावं लागतं, नाहीतर ‘पुढे’ म्हणजे कुठे हेच कळत नाही.

मी कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहितो: व्हिडिओ संपल्यावर प्रेक्षकाला काय करता आलं पाहिजे? सातबाऱ्याच्या बाबतीत ते असं झालं: ‘विकणाऱ्याने दाखवलेल्या उताऱ्यावर चार जागा बघून व्यवहार कुठे अडकू शकतो ते ओळखता यावं.’ चार जागा म्हणजे भूधारणा पद्धती, मालकांची नावं, इतर हक्काचा रकाना आणि फेरफार क्रमांक. हे वाक्य लिहिलं आणि खर्ड्यातला जवळपास तिसरा हिस्सा आपोआप गळाला. जमिनीच्या नोंदींचा इतिहास, 8-अ उताऱ्याची माहिती, पीक पाहणी मोबाइलवरून कशी करायची, आकारणी म्हणजे काय: सगळी माहिती कामाची, पण दुसऱ्या गावाला जाणारी.

त्यानंतरच मी ओळींवर येतो. स्क्रिप्ट मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करतो आणि ती ऐकताना हातात फक्त पेन्सिल ठेवतो. डोळ्यांनी वाचताना आपण भराभर पुढे सरकतो, त्यामुळे फापटपसारा खटकत नाही. कानाला तो लगेच जाणवतो. जिथे स्वतःचंच लक्ष उडालं तिथे समासात फुली मारायची, थांबायचं नाही. सातबाऱ्याच्या खर्ड्यावर पहिल्या फेरीत 23 फुल्या पडल्या होत्या.

एखादा उतारा छाटून दाखवाल का?

खर्ड्याची सुरुवात होती तशी देतो.

> नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? मजेत ना? आपल्या चॅनलवर पुन्हा एकदा आपलं सर्वांचं मनापासून स्वागत आहे. मित्रांनो, आपल्या महाराष्ट्रात शेतीला किती महत्त्व आहे हे आपल्या सर्वांना माहीतच आहे. आणि शेती म्हटलं की जमीन आली, आणि जमीन म्हटलं की सातबारा आला. तर आजच्या या व्हिडिओमध्ये आपण सातबारा उतारा म्हणजे नेमकं काय, तो कसा वाचायचा, त्यात काय काय पाहायचं, याविषयी सविस्तर माहिती घेणार आहोत. त्यामुळे व्हिडिओ शेवटपर्यंत नक्की पाहा, मध्येच सोडून जाऊ नका.

हे 71 शब्द आहेत. माझ्या आवाजात मिनिटाला साधारण 120 शब्द जातात, म्हणजे ही पस्तीस-एक सेकंदं झाली. (तुमचा वेग तुम्ही मोजा. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, शब्द लांब होतात, त्यामुळे इंग्रजीसाठी दिलेले मिनिटाला दीडशे शब्दांचे आडाखे इथे लागू पडत नाहीत.) या पस्तीस सेकंदांत प्रेक्षकाला काय मिळालं? व्हिडिओ सातबाऱ्याबद्दल आहे एवढंच, आणि ते तर त्याने शीर्षकात वाचूनच व्हिडिओ उघडला होता. ‘सर्वांना माहीतच आहे’ ही ओळ तर स्वतःच कबुली देते आहे की मला काढा.

‘मध्येच सोडून जाऊ नका’ मला सर्वात जास्त खटकलं. माणूस जाईल अशी भीती लिहिणाऱ्याला वाटली, ती त्याने बोलून दाखवली, पण थांबावं असं काही समोर ठेवलं नाही.

छाटून झाल्यावर:

> जमीन विकणाऱ्याने सातबारा पुढे केला. नाव त्याचंच आहे. तरीही ही जमीन तुम्हाला विकायला त्याला सरकारची परवानगी लागू शकते, आणि ते याच कागदावर लिहिलेलं आहे. कुठे, ते पाहू.

27 शब्द, चौदा सेकंदांच्या आत. लक्षात घ्या, जुन्या परिच्छेदातला एकही तुकडा इथे उरलेला नाही. हे 27 शब्द आले कुठून? खर्ड्याच्या चौथ्या मिनिटातून. खरी सुरुवात तिथे दडून बसली होती. माझ्या अनुभवात असं वारंवार होतं: लिहिणारा पहिली दोन-तीन पानं हात गरम करत असतो आणि मग लिहू लागतो. म्हणून सुरुवात जमत नसेल तर नवी रचण्याआधी स्क्रिप्टच्या मधल्या भागात ती आधीच लिहिलेली आहे का ते शोधा.

पण नमस्कार, स्वागत काढलं तर उद्धट नाही वाटणार?

हा प्रश्न मला वयाने मोठे लेखक हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे कोणी दारात आलं तर ‘या, बसा’ म्हटल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत.

‘नमस्कार’ ठेवा. एक शब्द आहे, अर्धा सेकंद लागतो. कोण बोलतंय हे कळणं गरजेचं असेल तर तेही एका वाक्यात सांगा. उदाहरणार्थ निवृत्त तलाठी बोलत असतील तर ‘मी तीस वर्षं तलाठी होतो’ ही ओळ प्रेक्षकाला नक्की पुढे नेते, कारण आता पुढचं सगळं तो वेगळ्या कानाने ऐकेल. पाहुणचाराचा वेळ जातो तो ‘कसे आहात, मजेत ना’मध्ये, कारण समोरचा उत्तर देऊ शकत नाही.

व्याख्या आणि समजावून सांगण्याचा भाग कसा छाटायचा? तिथे तर सगळंच गरजेचं वाटतं.

खरी मेहनत इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. भूधारणा पद्धतीचा मूळ परिच्छेद हा होता:

> आता आपण पुढच्या मुद्द्याकडे वळूया. तर आता इथे तुम्हाला स्क्रीनवर दिसत असेल की वरच्या बाजूला भूधारणा पद्धती असं लिहिलेलं आहे. भूधारणा पद्धती म्हणजे काय, तर जमीन कोणत्या पद्धतीने धारण केलेली आहे ती पद्धती. यामध्ये मुख्यत्वे करून भोगवटादार वर्ग 1 आणि भोगवटादार वर्ग 2 असे प्रकार असतात. वर्ग 1 म्हणजे काय, तर ज्या जमिनीच्या हस्तांतरणावर शासनाचे कोणतेही निर्बंध नसतात अशी जमीन. आणि वर्ग 2 म्हणजे काय, तर ज्या जमिनीच्या हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असतात अशी जमीन.

74 शब्द. पहिलं वाक्य निव्वळ गिअर बदलल्याचा आवाज आहे. दुसऱ्यात चित्राचं वर्णन आहे. तिसरं वाक्य नीट वाचा: ‘धारण’ आणि ‘पद्धती’ हेच शब्द उलटसुलट करून परत दिले आहेत. व्याख्येसारखं दिसतं, पण ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. शेवटच्या दोन वाक्यांत एकच गोष्ट दोनदा आहे, एकदा ‘नसतात’ लावून आणि एकदा ‘असतात’ लावून. आणि एवढं होऊनही सर्वात महत्त्वाचं सांगायचं राहूनच गेलं: निर्बंध आहेत, बरं, मग मी काय करू?

नवा परिच्छेद:

> भूधारणा पद्धती. इथे वर्ग 1 असेल तर पुढची ओळ वाचा. वर्ग 2 असेल तर थांबा. ही जमीन विकायला सहसा सरकारी परवानगी लागते. परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

28 शब्द. माझी पद्धत अशी, की व्याख्येच्या जागी ‘हे दिसलं तर काय करायचं’ ते लिहायचं. ‘हस्तांतरणावर निर्बंध’ या शब्दांचा अर्थ ‘परवानगीचा कागद पाहा’ या सूचनेत आपोआप उलगडतो. व्याख्या वेगळी सांगावी लागते ती फक्त जेव्हा तोच शब्द पुढे पुन्हा लागणार असेल. ‘फेरफार’ हा शब्द आमच्या व्हिडिओत पाच वेळा येतो, म्हणून त्याची व्याख्या ठेवली: ‘जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठ्याच्या दप्तरात होणारी नोंद’. ‘आकारणी’ एकदाच येत होती. तिची व्याख्या गेली आणि पाठोपाठ तीही गेली.

सातबारा हे नाव कसं पडलं, यासारखी रंजक माहितीही काढायची का?

ती आम्ही ठेवली, आणि का ठेवली ते सांगण्यासारखं आहे. गाव नमुना 7 म्हणजे हक्कांची नोंद आणि गाव नमुना 12 म्हणजे पिकांची नोंद, दोन्ही एकाच कागदावर, म्हणून सातबारा. हे ऐकलं की प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे कागदाचे दोन भाग पडतात. मग ‘आपल्याला लागणाऱ्या चारही जागा नमुना 7 मध्ये आहेत’ असं म्हटलं की त्याला अर्धा कागद सोडून देता येतो.

याउलट ब्रिटिश काळातल्या मोजणीचा आणि सर्व्हे नंबरांचा पाऊण मिनिटाचा भाग होता. मूळ खर्डा लिहिणाऱ्या लेखकाने त्यासाठी बरंच वाचन केलं होतं आणि तो काढताना त्याचा चेहरा पडला होता. पण त्यातला एकही तपशील पुढे वापरलेला नव्हता. रंजकता ही कसोटी मी धरत नाही. सांगितलेली गोष्ट पुढे कुठे उपयोगी पडते, तेवढं पाहतो.

जे पडद्यावर दिसतं ते बोलायचंच नाही का?

‘तुम्हाला दिसत असेल की’ हे शब्द बोलू नका. दिसत असेल तर ते फुकट आहेत आणि दिसत नसेल तर चित्र सुधारायला हवं. आम्ही उताऱ्यावर त्या ओळीभोवती लाल चौकट उगवू दिली आणि आवाजात फक्त ‘भूधारणा पद्धती’ एवढंच ठेवलं.

मात्र यात एक मर्यादा आहे. पुष्कळ लोक फोन ओट्यावर ठेवून, भाजी चिरत ऐकतात. काहींना दिसत नाही. काहींच्या फोनचा पडदा एवढासा असतो की उताऱ्यावरची अक्षरं मुंगीएवढी दिसतात. म्हणून जागेचं नाव आणि वाचायचा शब्द आवाजात हवाच. ‘इथे हे असं लिहिलं असेल तर’ असं म्हटलं तर ऐकणारा तिथेच हरवतो. ‘वर्ग 2 असेल तर’ म्हटलं की त्याला कळतं. छाटताना मी स्क्रिप्टला दोन रकाने पाडतो, डावीकडे चित्र आणि उजवीकडे आवाज. तीच गोष्ट दोन्हीकडे असेल तर आवाजातलं वर्णन जातं, पण नाव राहतं.

संकेतस्थळाचे पत्ते तर कधीच वाचू नका. खर्ड्यात `digitalsatbara.mahabhumi.gov.in` हा पत्ता ‘डॉट’सकट वाचला होता, तोही दोनदा. कोणी तो ऐकून टाइप करत नाही. पत्ता पडद्यावर आणि खालच्या वर्णनात गेला. आवाजात राहिलं ते एवढंच: ‘फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी, सरकारी कामाला डिजिटल सहीचा लागतो.’ शुल्काचा आकडाही वर्णनातच टाकला, कारण तो बदलला तर वर्णन दुरुस्त करता येतं, आवाज नाही.

वाक्य ठेवायचं आहे पण ते लांब आहे. त्यातलं काय काढू?

मराठी स्क्रिप्टमध्ये चरबी ठरावीक जागी साठते. एक जागा म्हणजे सरकारी कर्मणी: ‘नोंद घेण्यात आलेली असते’, ‘कार्यवाही करण्यात येते’. दुसरी म्हणजे ‘याठिकाणी’, ‘च्या माध्यमातून’, ‘अशा प्रकारे’, ‘जे आहे ते’. तिसरी म्हणजे बोलताना श्वास घ्यायला घातलेलं ‘म्हणजे काय, तर’.

खर्ड्यातलं एक वाक्य होतं: ‘इतर हक्काच्या रकान्यामध्ये बँकेच्या माध्यमातून घेण्यात आलेल्या कर्जाच्या बोजाची नोंद ही या ठिकाणी करण्यात आलेली असते.’ ते झालं: ‘बँकेचं कर्ज असेल तर बोजा इतर हक्कात दिसतो.’ 16 शब्दांचे 8 झाले. त्याहून मोठा फायदा म्हणजे निवेदिकेला मध्ये श्वास घ्यावा लागला नाही.

फार छाटलं गेलं हे कसं ओळखायचं?

दोन खुणा आहेत. एक सौम्य, एक गंभीर.

सौम्य खूण अशी की ऐकणारा ‘काय म्हणालात?’ म्हणून मागे जातो. एकामागून एक नव्या गोष्टी येत राहिल्या आणि मध्ये मुरायला जागाच नसली की असं होतं. त्याला उपाय शब्द वाढवणं नव्हे. ‘विसार देऊ नका’ यानंतर आम्ही दीड सेकंद काहीच बोललो नाही, लाल चौकट तशीच ठेवली. शांतताही माहिती पोचवायचं काम करते, फक्त ती स्क्रिप्टमध्ये ‘थांबा, 1.5 सेकंद’ अशी लिहून ठेवा. नाहीतर एडिटर ती चूक समजून कापतो.

गंभीर खूण म्हणजे वाक्य खोटं होतं, आणि हे मी केलेलं आहे. दुसऱ्या खर्ड्यात मी झोकात लिहिलं होतं: ‘वर्ग 1 असेल तर जमीन मोकळी.’ सुटसुटीत, लक्षात राहणारं. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी ओळखीच्या एका निवृत्त तलाठ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘अहो, आदिवासी खातेदाराची जमीन वर्ग 1 असली तरी बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. आणि तुकडेबंदीचं काय? तुमचा प्रेक्षक शेतकरी नसला तर?’ तिन्ही गोष्टी बरोबर होत्या. मी छाटता छाटता अशी ओळ तयार केली होती, जिच्यावर विसंबून एखाद्याने पैसे घालवले असते. म्हणून ‘जमीन मोकळी’चं ‘पुढची ओळ वाचा’ झालं.

त्याच बैठकीत ‘सहसा’ हा शब्द परत आला. मी तो पाल्हाळ म्हणून काढला होता. पण वर्ग 2 मध्येही सगळ्या जमिनी एका मापाच्या नसतात. कूळकायद्याने मिळालेल्या काही जमिनींना ठरावीक अटी पूर्ण झाल्यावर वेगळी वाट आहे. त्यामुळे तीन अक्षरांचा ‘सहसा’ ही त्या वाक्यातली सर्वात कामाची जागा ठरली. तेव्हापासून कायदा, औषध, पैसा, वीज अशा विषयांत ‘सहसा’, ‘फक्त’, ‘किमान’, ‘वगळून’ या शब्दांना मी छाटण्याआधी पिवळा रंग लावतो आणि जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावत नाही. ‘खरंतर’, ‘नक्कीच’, ‘अर्थातच’ यांना मात्र कसलंही संरक्षण नाही.

आठ मिनिटांच्या वर गेलं तर मध्ये जाहिराती लावता येतात. मग पाच मिनिटांवर का आणायचं?

यूट्यूबवर 8 मिनिटं किंवा त्याहून लांब व्हिडिओमध्येच मधल्या जाहिराती लागतात, हे खरं आहे. पुष्कळ स्क्रिप्ट नेमक्या साडेआठ मिनिटांच्या का असतात त्याचं गुपितही तेच. तुमचं उत्पन्न त्यावर चालत असेल तर हा हिशेब करू नका असं मी म्हणणार नाही.

पण आठ मिनिटं भरायची असतील तर ती पाण्याने भरू नका, आणखी एका प्रश्नाने भरा. आमच्या व्हिडिओत पाच मिनिटांच्या मजकुराला ताणून आठ करण्यापेक्षा ‘उताऱ्यावर चार भावांची नावं आहेत आणि विकतोय एकच, मग काय?’ हा भाग जोडता आला असता. तो जोडला असता तर त्याच्या प्रत्येक ओळीलाही हीच कसोटी लागली असती.

साहेबांना किंवा क्लायंटला त्यांची वाक्यं काढलेली चालत नाहीत. काय करू?

छापील स्क्रिप्टवर चर्चा करू नका. कागदावर प्रत्येकाला आपलं वाक्य प्रिय असतं. दोन्ही आवृत्त्या फोनवर रेकॉर्ड करून ऐकवा, जुनी आधी. एका संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना त्यांचंच प्रास्ताविक मी असं ऐकवलं होतं. चाळिसाव्या सेकंदाला त्यांनी स्वतःचा फोन पाहिला, आणि मला पुढे काही बोलावं लागलं नाही. तरीही एखादं वाक्य ठेवायचाच आग्रह असेल तर ते शेवटाकडे न्या. तिथे त्याचा त्रास सर्वात कमी होतो.

मग सगळं रेकॉर्ड करून एडिटिंगमध्येच का कापू नये?

कापता येतं, पण निवेदकाचा सूर लांब वाक्याचा असतो. मधले शब्द काढले की उरलेला तुकडा अधांतरी चढलेल्या स्वरावर संपतो आणि कान लगेच पकडतो. शिवाय कागदावर ओळ खोडायला एक रेघ लागते. टाइमलाइनवर तिच्याबरोबर चित्र, संगीत, उपशीर्षकं सगळं सरकवावं लागतं.

छाटणी बरोबर झाली का हे नंतर कसं तपासायचं?

प्रसिद्ध करण्याआधी विषय न जाणणाऱ्या एका माणसाला ऐकवा आणि ‘आवडलं का?’ असं विचारू नका. काम द्या. मी माझ्या मेहुण्याला एक खराखुरा उतारा दिला, नावं झाकून, आणि म्हटलं, ‘यात काय अडचण आहे ते सांगा.’ त्यांनी बोजा शोधला, वर्ग शोधला, पण रेघ मारलेलं नाव मालकाचंच समजले. कमी झालेली नावं कंसात किंवा आडवी रेघ मारून दाखवतात ही ओळ मी काढून टाकली होती. ती परत घातली.

प्रसिद्ध झाल्यावर यूट्यूब स्टुडिओमधला प्रेक्षक टिकण्याचा आलेख पाहा. पहिल्या 30 सेकंदांनंतर किती टक्के उरले ते तिथे वेगळं दिसतं, म्हणजे सुरुवातीची परीक्षा झाली. पुढे जिथे खड्डा पडतो तिथे लोकांनी पुढे सरकवलं किंवा ते गेले. तिथली ओळ काढून पाहा, बहुधा ती जागच्या जागी उभी असते. जिथे उंचवटा येतो तिथे लोक परत मागे जाऊन पाहतात. उंचवटा पाहून खूश होण्याआधी ती जागा स्वतः ऐका. आमचा उंचवटा इतर हक्कांवर होता. लोकांना तो भाग आवडला म्हणून नव्हे, तर मी तिथे बोजा, कूळ आणि विहिरीतला हिस्सा हे तिन्ही अकरा सेकंदांत कोंबले होते म्हणून. पुढच्या व्हिडिओत त्या तिघांना पंचवीस सेकंदं दिली.

काढलेल्या ओळींचं काय करायचं?

फेकू नका. मी प्रत्येक स्क्रिप्टबरोबर ‘उरलेलं’ नावाची फाइल ठेवतो. खरं कारण भावनिक आहे: ओळ मरत नाही, फक्त घर बदलते असं वाटलं की हात जड होत नाही. पण व्यवहारातही उपयोग होतो. 8-अ उताऱ्याचा काढलेला भाग, म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एका कागदावर कशी दिसते तो, पुढे स्वतंत्र दीड मिनिटाचा व्हिडिओ झाला. ब्रिटिश मोजणीचा भाग अजून त्याच फाइलमध्ये आहे. लेखक अधूनमधून त्याची चौकशी करतात.